मुलीच्या उच्चशिक्षणाची तरतूद : वाढता हप्ता आणि वाढता खर्च यांचा मेळ

चिंचणी, वरोर, वाणगाव आणि बोईसर या पट्ट्यातील पालकांकडून आमच्याकडे जे प्रश्न वारंवार येतात, त्यांत एक प्रश्न थोड्याफार शब्दभेदाने नेहमीच असतो. तो असा की, आज अभियांत्रिकीच्या पदवीला सर्व मिळून दहा लाख रुपये लागत असतील, तर पाच वर्षांची मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तेवढी रक्कम उभी राहण्यासाठी म्युच्युअल फंडात दरमहा किती रुपये ठेवावेत, आणि एक गणनयंत्र एक आकडा व दुसरे दुसराच आकडा दाखविते तेव्हा त्यांतील कोणता खरा मानावा? या गोंधळाचे मूळ असे की, उद्दिष्ट आजच्या रुपयांत मोजले जाते, संचय मात्र तेरा वर्षांनंतरच्या रुपयांत होतो, आणि दरसाल वाढणाऱ्या हप्त्याची, म्हणजेच ज्याला स्टेप-अप किंवा टॉप-अप एसआयपी म्हणतात त्या योजनेची, सांगड या दोहोंपैकी कशाशीही घातली जात नाही. हा हिशेब आपण स्वतः कागदावर कसा करावा आणि कोठे सावध राहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम खर्च, मग गुंतवणूक

उदाहरणासाठी चिंचणीतील एक कुटुंब कल्पू. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कायम नोकरीस आहेत, आई घरी शिवणकाम करते, दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपये आहे आणि मुलगी ५ वर्षांची आहे. १३ वर्षांनंतर तिने मुंबई किंवा पुणे येथे राहून चार वर्षांचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा करावा अशी त्यांची इच्छा आहे. आजच्या दराने महाविद्यालयाचे शुल्क वर्षाला १,५०,००० रुपये आणि वसतिगृह, खानावळ, प्रवास व पुस्तके यांचा खर्च वर्षाला १,००,००० रुपये असे आपण धरू.

हे दोन खर्च एकत्र करू नयेत, कारण त्यांच्या वाढीचा वेग निराळा असतो. राहण्याजेवणाचा खर्च सर्वसाधारण महागाईच्या मागोमाग चालतो, तर व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क बहुधा तिच्या पुढे धावते. म्हणून शुल्कासाठी दरसाल ८ टक्के आणि राहणीसाठी ६ टक्के अशी वाढ येथे गृहीत धरली आहे. आपल्या मनातील महाविद्यालय विनाअनुदानित असेल, तर शुल्कवाढीचा दर अंदाजाने लिहिण्याची गरज नाही. महाराष्ट्रात अशा व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमाखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते, आणि त्याच महाविद्यालयाचे आजचे व काही वर्षांपूर्वीचे मंजूर शुल्क शेजारी मांडले म्हणजे वाढ डोळ्यांसमोर येते. शुल्क नऊ वर्षांत दुप्पट झाले असेल तर वाढीचा दर सुमारे ८ टक्के, आणि सात वर्षांतच दुप्पट झाले असेल तर सुमारे १० टक्के समजावा.

आता पहिल्या वर्षाचे शुल्क १३ वर्षांनी, दुसऱ्याचे १४ वर्षांनी, याप्रमाणे प्रत्येक वर्षाचा खर्च त्याच्या त्याच्या तारखेला नेऊन मांडला, की असे दिसते :

- पहिले वर्ष : शुल्क ४,०७,९००, राहणी २,१३,३००, एकूण ६,२१,२०० रुपये
- दुसरे वर्ष : शुल्क ४,४०,६००, राहणी २,२६,१००, एकूण ६,६६,७०० रुपये
- तिसरे वर्ष : शुल्क ४,७५,८००, राहणी २,३९,७००; एकूण ७,१५,५०० रुपये
- चौथे वर्ष : शुल्क ५,१३,९००, राहणी २,५४,०००, एकूण ७,६७,९०० रुपये

चारही वर्षांची बेरीज २७ लाख ७१ हजार रुपये भरते. परंतु ही सर्व रक्कम प्रवेशाच्या दिवशी हाती असण्याची आवश्यकता नसते, कारण दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वर्षाचे पैसे त्या त्या वर्षापर्यंत मुदत ठेवीसारख्या सुरक्षित ठिकाणी ६ टक्क्यांनी वाढत राहतील. ते व्याज वजा जाता, प्रवेशाच्या वेळी प्रत्यक्ष शिल्लक हवी ती २५ लाख ३२ हजार रुपये. आजचे दहा लाख म्हणजे उद्याचे साडेपंचवीस लाख, हे पालकांनी एकदा स्वीकारले की पुढील हिशेब सरळ होतो.

मुलगी कोठे राहून शिकेल, हा प्रश्न आधी सोडवा

वरील उद्दिष्टातून राहणीचा भाग काढला, तर उरते ती रक्कम १६ लाख ७९ हजार रुपये होते, म्हणजे उद्दिष्टाचा सुमारे एक तृतीयांश भाग केवळ घराबाहेर राहण्याचा आहे. आपल्या भागापुरते हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण पालघर आणि बोईसर या दोन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, वाणिज्य किंवा कला शाखेसाठी चिंचणीतच पी. एल. श्रॉफ महाविद्यालय आहे, आणि २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येत असल्यामुळे वाणगाव अथवा बोईसर स्थानकावरून पास काढून जाणेयेणे अनेक विद्यार्थ्यांना शक्य होते. मुलीच्या पाचव्या वर्षी हा निर्णय पक्का करता येणार नाही आणि करूही नये. तथापि उद्दिष्टाचे दोन भाग वहीत निरनिराळे लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे तिने घरून शिकायचे ठरविल्यास कोणती रक्कम मोकळी होते, हे त्याच दिवशी सांगता येईल.

हप्त्याचा पहिला हिशेब

संपूर्ण तेरा वर्षांत खर्च वजा जाता दरसाल सरासरी १० टक्के परतावा मिळेल, असे प्रथम धरू. ही हमी नव्हे. समभागांत गुंतविणाऱ्या फंडात हमी असूच शकत नाही, आणि कोणी विक्रेता ती देत असेल तर तो नियमभंग करीत आहे, असे निःसंकोच समजावे.

- हप्ता तेरा वर्षे स्थिर ठेवला, तर दरमहा ८,१७० रुपये भरावे लागतात.
- हप्ता दरसाल ८ टक्क्यांनी वाढविला, तर आरंभीचा हप्ता ५,४७० रुपये पुरतो.

दुसरा आकडा पाहून वाढता हप्ता स्वस्त पडतो अशी समजूत होते, ती मात्र खरी नाही. वाढत्या हप्त्याच्या योजनेत तेरा वर्षांत आपल्या खिशातून सुमारे १४ लाख ११ हजार जातात, स्थिर हप्त्यात १२ लाख ७५ हजार. कारण उशिरा भरलेल्या पैशाला वाढण्यास अवधी कमी मिळतो आणि ती उणीव मुद्दलाने भरून काढावी लागते. असे असूनही वाढता हप्ता पगारदार कुटुंबास योग्य ठरतो, तो भार वाटून घेण्याच्या दृष्टीने : पगार दरसाल ८ टक्क्यांच्या आसपास वाढत असेल, तर हप्त्याचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण पहिल्या वर्षी जेवढे तेवढेच तेराव्या वर्षीही राहते, आणि ज्या वर्षांत मुलगी लहान व घरखर्च नवा असतो, त्या वर्षांत ओढाताण होत नाही. म्हणून ज्यांना ८,१७० रुपये आजच सहज झेपतात, त्यांनी स्थिर हप्ता घेण्यास काहीच हरकत नाही. ज्यांना झेपत नाहीत, त्यांनी उद्दिष्ट कमी करण्याऐवजी वाढता हप्ता घ्यावा.

संगणकावरील तक्त्यात हा हिशेब स्वतः पडताळावयाचा असल्यास एका चौकटीत पुढील सूत्र लिहावे. त्यात 5470 हा आरंभीचा हप्ता, 1.1 म्हणजे १० टक्के परतावा, 1.08 म्हणजे ८ टक्के वार्षिक वाढ आणि 13 ही वर्षे आहेत.

```
=5470*(0.1/(1.1^(1/12)-1)+0.1)*(1.1^13-1.08^13)/(0.1-0.08)
```

परतावा आणि वाढ यांचे दर समान धरल्यास भाजक शून्य होऊन तक्ता चूक दाखवितो. अशा वेळी वाढीचा दर ८ ऐवजी ८.०१ टक्के लिहावा, उत्तरात नाममात्रच फरक पडेल. दोन गणनयंत्रांची उत्तरे जुळत नाहीत याचेही एक मोठे कारण याच सूत्रात आहे. काही गणनयंत्रे १० टक्क्यांना सरळ १२ ने भागून मासिक दर काढतात, आणि महिन्यामागून महिना चक्रवाढ होत गेल्याने तो दर वर्षाला १० नव्हे, तर १०.४७ टक्के पडतो. त्यामुळे हप्ता कमी दिसतो आणि तूट मात्र तेरा वर्षांनी उघड होते.

५,४७० चे ६,००० का करावे लागतात

गणनयंत्राचे उत्तर येथे संपते. आपला हिशेब येथे संपवू नये, कारण दोन गोष्टी अजून त्यात आलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, प्रवेशाच्या आदल्या दिवसापर्यंत सर्व पैसा समभागांत ठेवणे अविवेकाचे आहे. बाजार नेमका त्याच वर्षी तीस टक्क्यांनी कोसळला, तर महाविद्यालय आपल्यासाठी थांबणार नाही. म्हणून दहाव्या वर्षाअखेरपासून समभाग फंडातील रक्कम तीन वर्षांत, दरसाल साधारण एक तृतीयांश याप्रमाणे, सुरक्षित ठिकाणी हलवावी आणि त्या काळातील नवे हप्तेही शक्यतो तिकडेच वळवावेत. साहजिकच या तीन वर्षांत परतावा घटतो. पहिली दहा वर्षे ११ टक्के व शेवटची तीन वर्षे ७ टक्के असे धरून हिशेब फिरविला, तर उद्दिष्टापर्यंत पोचण्यास आरंभीचा हप्ता सुमारे ५,७०० रुपये लागतो.

दुसरी गोष्ट कराची. २३ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या तरतुदींप्रमाणे, एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या समभाग फंडावरील नफ्यापैकी एका आर्थिक वर्षात १ लाख २५ हजारांपर्यंतचा नफा करमुक्त असून त्यावरील नफ्यावर १२.५ टक्के कर व त्यावर उपकर आकारला जातो. आपल्या उदाहरणात नफा ११ लाखांच्या घरात जातो. तो सर्व एकाच वर्षी वसूल केला, तर सुमारे १ लाख ३० हजार रुपये करापोटी जातील. हे ओझे हलके करण्याचे दोन कायदेशीर मार्ग आहेत :

- वर सांगितल्याप्रमाणे रक्कम तीनचार आर्थिक वर्षांत विभागून काढणे, म्हणजे प्रत्येक वर्षाची सूट स्वतंत्रपणे मिळते.
- आरंभापासूनच हप्त्याचे दोन भाग करून एक आईच्या व एक वडिलांच्या नावे ठेवणे, म्हणजे सूट दोघांनाही मिळते. मात्र पतीनेच पत्नीच्या नावे पैसे भरल्यास त्यावरील नफा पतीच्याच उत्पन्नात धरला जाऊ शकतो. म्हणून पत्नीचा हप्ता तिच्या स्वतःच्या मिळकतीतून जावा.

कर सर्वच्या सर्व भरावा लागला तरी उद्दिष्ट अबाधित राहावे, एवढी सावधगिरी ठेवली, तर या कुटुंबाने आरंभीचा हप्ता दरमहा ६,००० रुपये ठेवून तो दरसाल ८ टक्क्यांनी वाढवावा, असा निष्कर्ष निघतो. हप्त्याचा प्रवास पुढीलप्रमाणे होईल :

- पहिले वर्ष : ६,००० रुपये
- पाचवे वर्ष : ८,१६० रुपये
- नववे वर्ष : ११,११० रुपये
- तेरावे वर्ष : १५,११० रुपये

शेवटचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. महागाई ६ टक्के धरल्यास बारा वर्षांनंतरच्या त्या १५,११० रुपयांचे मोल आजच्या सुमारे साडेसात हजारांइतके आहे.

गृहीतके चुकली तर काय होईल?

अंदाज चुकणारच, प्रश्न एवढाच की, कोणती चूक अधिक महाग पडते. पालक बहुधा परताव्याची चिंता करतात. सबंध तेरा वर्षे १० ऐवजी ८ टक्केच परतावा मिळाला, तर ६,००० रुपयांच्या योजनेत करापूर्वी सुमारे २४ लाख ५८ हजार जमतात, म्हणजे पाऊण लाखाची तूट येते आणि कर धरल्यास ती पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. उलट परतावा अपेक्षेप्रमाणे १० टक्के मिळाला, पण शुल्क ८ ऐवजी १० टक्क्यांनी वाढले, तर उद्दिष्टच ३० लाख ४५ हजारांवर जाते आणि जमलेल्या २७ लाख ७८ हजारांना ते करापूर्वीच पावणेतीन लाखांनी मागे टाकते. तात्पर्य, अधिक परताव्याचा फंड शोधण्यात जेवढा वेळ आपण घालविता, त्याहून अधिक लक्ष महाविद्यालयाच्या शुल्काकडे द्यावे. परतावा आपल्या हाती नाही, परंतु शुल्काची वाढ दरसाल पाहून हप्ता वेळीच दुरुस्त करणे मात्र आपल्या हाती आहे.

अर्ज भरताना होणाऱ्या चुका

हिशेब बिनचूक करूनही योजना फसते ती पुष्कळदा अर्जावरील एखाद्या चौकटीमुळे. पुढील चौकटी भरताना घाई करू नये.

1. बँकेला दिलेल्या आदेशाची कमाल रक्कम. हप्ता आपोआप वळता करण्यासाठी बँकेला जो आदेश, म्हणजे मॅण्डेट, द्यावा लागतो, त्यावर 'कमाल रक्कम' अशी चौकट असते. आजचा हप्ता ६,००० आहे म्हणून तेथे १०,००० लिहून मोकळे होणारे पालक पुष्कळ आहेत. या योजनेत हप्ता आठव्या वर्षी १०,२८० होतो. त्या महिन्यापासून तो आदेशाच्या मर्यादेबाहेर जाऊन अडतो. तेथे शेवटच्या हप्त्याहून मोठी रक्कम, आपल्या उदाहरणात २०,०००, लिहावी. ही केवळ मर्यादा असते. तेवढे पैसे कापले जात नाहीत.

2. टक्के की रुपये? काही फंडसंस्था वाढ टक्क्यांत देतात, काही ५०० रुपयांच्या पटीत. दरसाल ५०० रुपयांची वाढ पहिल्या वर्षी आठ टक्क्यांहून थोडी अधिक भासते. पण हप्ता मोठा होत जातो तसे तिचे प्रमाण घटत जाते आणि तेराव्या वर्षी हप्ता १५,११० ऐवजी १२,००० वरच राहतो. १० टक्के परताव्याने दोहोंतील अंतर अखेरीस १ लाख ९० हजारांचे होते. टक्क्यांची सोय नसल्यास दर तीन वर्षांनी रुपयांतील वाढ नव्याने ठरवावी.

3. वाढीचा पर्याय निवडलाच नाही तर? हा पर्याय सहसा नोंदणीच्या वेळीच निवडावा लागतो. 'पुढे पाहू' म्हणून तो सोडला आणि हप्ता ६,००० वरच राहिला, तर १० टक्के परतावा मिळूनही १८ लाख ६० हजारच जमतात. पावतीवर वाढीचा तपशील छापून आला आहे की नाही, हे पहिल्याच महिन्यात तपासावे.

4. वाढीचा महिना. एसआयपी ज्या महिन्यात सुरू झाली, त्याच महिन्यात दरसाल हप्ता वाढतो. आपली पगारवाढ एप्रिलची असून ती प्रत्यक्ष हाती जूनमध्ये पडत असेल, तर योजनेचा आरंभ जुलैत करावा.

5. खाते कोणाच्या नावे? मुलीच्या नावे खाते उघडण्यात जिव्हाळा आहे, परंतु ती अठरा वर्षांची होताच ते खाते तिच्या कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत थांबते आणि हप्तेही बंद होतात. प्रवेशशुल्क भरण्याचे दिवस नेमके तेच असतात. शिवाय अज्ञानाच्या नावावरील उत्पन्न करासाठी आईवडिलांच्याच उत्पन्नात मिळविले जाते, त्यामुळे करातही फारसा लाभ नाही. म्हणून खाते आईवडिलांनी स्वतःच्या नावे ठेवावे, एकमेकांना वारस म्हणून नोंदवावे आणि वहीवर मात्र त्या खात्याचा हेतू स्पष्ट लिहावा.

ज्यांचे उत्पन्न मासिक नाही, त्यांच्यासाठी

वरील योजना पगारदारांची आहे. चिंचणीवरोरकडील दागिन्यांच्या साच्यांचे काम करणारा डायमेकर कारागीर सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या मागणीवर जगतो, आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबाची नाव पावसाळी बंदीमुळे जून व जुलै या महिन्यांत किनाऱ्यावर उभी असते. अशांनी दरसाल आठ टक्क्यांची सक्तीची वाढ स्वीकारून खात्यात पैसे नसताना हप्ता नाकारला जाण्याची वेळ आणू नये. हप्ता नाकारला गेल्यास बँक दंड आकारते, आणि मासिक हप्ते लागोपाठ तीन वेळा चुकले की एसआयपी रद्द होते.

त्यांच्यासाठी सोयीची तजवीज अशी : सर्वांत मंद महिन्यातही झेपेल एवढाच हप्ता, समजा ३,००० रुपये, स्थिर ठेवावा, आणि वर्षाच्या उद्दिष्टातील उरलेली रक्कम हंगामाचा पैसा हाती येताच त्याच फंडात एकरकमी भरावी. पहिल्या वर्षी ६,००० च्या हिशेबाने एकूण ७२,००० जावयास हवेत; पैकी ३६,००० हप्त्यांतून गेले, तर ३६,००० हंगामानंतर. दुसऱ्या वर्षी ७२,००० च्या जागी ७७,७६० लिहावे. वाढ येथे हप्त्याची नसून वार्षिक बेरजेची आहे, एवढाच फरक. आणि ती बेरीज आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पुरी झाली की नाही, हे स्वतःच पाहावे लागते.

सरकारी सवलती आणि सुकन्या खाते कोठे बसतात?

महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क यांची पूर्ण प्रतिपूर्ती मिळते. ज्यांची मुलगी आजच बारावीत आहे, त्यांनी उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून हा लाभ अवश्य घ्यावा. परंतु पाच वर्षांच्या मुलीसाठी त्यावर विसंबून उद्दिष्ट कमी करू नये : आजचे ५ लाखांचे उत्पन्न दरसाल ८ टक्क्यांनी वाढले, तर तेरा वर्षांनी ते १३ लाख ६० हजार होईल, आणि मर्यादा तोवर वाढविली गेली नाही, तर हे कुटुंब त्या सवलतीबाहेर पडलेले असेल.

सुकन्या समृद्धी खाते मुलीच्या दहाव्या वर्षापूर्वी पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. त्यावरील व्याज करमुक्त असून २०२५ मध्ये त्याचा दर ८.२ टक्के होता. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकेच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. म्हणून उद्दिष्टाच्या सुरक्षित भागासाठी हे खाते उत्तम आहे, पण हिशेबात त्याची अर्धीच शिल्लक धरावी. उरलेली अर्धी शिक्षणाच्या ऐन वेळी आपल्या कामास येणार नाही.

आपले अधिकार

- एसआयपी केव्हाही थांबविण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्याबद्दल फंडसंस्था दंड घेऊ शकत नाही. अल्पावधीत पैसे काढल्यास काही फंडांत निर्गमशुल्क लागते, ते आधी वाचून घ्यावे.
- १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडात मध्यस्थाविना थेट गुंतवणुकीचा, म्हणजे डायरेक्ट योजनेचा, पर्याय उपलब्ध आहे. तीत वार्षिक खर्च कमी असतो. फंडाची निवड व वार्षिक फेरतपासणी स्वतः करू शकणाऱ्यांनी ती घ्यावी. ज्यांना सल्ल्याची गरज आहे, त्यांनी मध्यस्थाला त्याचे कमिशन किती, हे स्पष्ट विचारावे.
- तक्रारीची दाद फंडसंस्थेने घेतली नाही, तर सेबीच्या 'स्कोअर्स' या व्यवस्थेत विनामूल्य तक्रार नोंदविता येते.

वर्षातून एकदा करावयाचे काम

हप्ता वाढेल त्याच महिन्यात वही उघडून तीन आकडे लिहावेत : महाविद्यालयाचे चालू शुल्क, खात्यातील शिल्लक आणि उरलेली वर्षे. शुल्क गृहीत दराहून अधिक वाढले असेल, तर उद्दिष्ट नव्याने काढून पुढील वाढ आठाऐवजी नऊ किंवा दहा टक्के करावी. तूट पाचव्या वर्षी दिसली, तर ती हप्त्यातील थोड्या वाढीने भरून निघते. अकराव्या वर्षी दिसली, तर तिच्यासाठी शैक्षणिक कर्जाची तयारी ठेवावी, पण ती भरून काढण्यासाठी समभागांतील रक्कम अधिक काळ तेथेच राहू देण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

आपल्या मुलीचे वय, आपल्या मनातील महाविद्यालयाचे आजचे शुल्क आणि आपली खरी पगारवाढ हे तीन आकडे वरील रीतीत घालून आपला स्वतःचा आरंभीचा हप्ता याच आठवड्यात काढावा, आणि अर्ज बँकेत देण्यापूर्वी आदेशावरील कमाल रकमेची चौकट पुन्हा एकदा वाचावी.